घाटात लोड गाडी तापते: दोष हवेत आहे की पाण्यात?

सपाट रस्त्यावर टेंपरेचरचा काटा मधोमध असतो आणि दिवसभर हलत नाही. लांब चढ लागला की दहा-पंधरा मिनिटांत तोच काटा लाल पट्टीकडे सरकायला लागतो. माथ्यावर पोहोचून गाडी उताराला लागली की पुन्हा सगळं ठीक. गाडी गॅरेजमध्ये आणली, उभ्या उभ्या अर्धा तास इंजिन चालवलं, तरी काहीच सापडत नाही. नवीन मेस्त्री इथेच अडकतो, आणि मग अंदाजाने एकेक भाग बदलणं सुरू होतं. आधी थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, शेवटी रेडिएटर. खर्च वाढत जातो आणि गाडी तापतच राहते.

अंदाजाशिवाय दोष शोधायची एक पद्धत आहे. तिला दोन तापमानं लागतात आणि एक साधी वजाबाकी. ती मी पायरीपायरीने सांगणार आहे. गाडीवाले कूलंटलाही पाणीच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो.

चढावरच का तापते

एकूण पंचवीस टन वजनाची गाडी घ्या. सपाटीवर ताशी ६० किलोमीटरने चालवायला चाकांवर साधारण ४५ ते ५० किलोवॅट ताकद लागते. हीच गाडी शंभर मीटरला सहा मीटर उंची घेणाऱ्या चढावर ताशी २० ने चढवायची, तर साधारण ९० किलोवॅट लागतात. वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला, पण इंजिनाचं काम जवळपास दुप्पट झालं. काम दुप्पट म्हणजे पाण्यात जाणारी उष्णताही त्याच प्रमाणात वाढली.

दुसरीकडे, ताशी ६० ने जाताना समोरून येणारा वारा रेडिएटरच्या जाळीतून आपोआप घुसतो. ताशी २० वर तो फार कमी पडतो. आता हवा ओढायची ती फॅननेच. म्हणून फॅनचा क्लच अर्धवट निकामी असला तरी सपाटीवर कळत नाही. जाळी थोडी बुजलेली असली, पाण्याचा प्रवाह थोडा मंदावलेला असला, तरी तेही कळत नाही. चढावर मात्र राखीव क्षमता संपते आणि दडलेला दोष उघडा पडतो. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर लोडच नसतो, त्यामुळे तिथे तो सापडण्याची आशा धरू नका.

एकच प्रश्न आधी

इंजिनाची उष्णता दोन टप्प्यांनी बाहेर जाते. पाणी ती इंजिनातून रेडिएटरपर्यंत नेतं आणि हवा ती रेडिएटरमधून बाहेर नेते. दोष या दोनपैकी कुठल्या टप्प्यात आहे, हे आधी ठरवायचं.

त्यासाठी रेडिएटरचे दोन मोठे होज पाईप बघा. एकातून गरम पाणी इंजिनाकडून रेडिएटरमध्ये येतं, हा बहुतेक वेळा वरचा. दुसऱ्यातून थंड झालेलं पाणी इंजिनाकडे परत जातं, तो खालचा. दोन्हींच्या तापमानातला फरक पाण्याच्या प्रवाहाबद्दल सांगतो.

समजा चढावर इंजिन पाण्यात ६० किलोवॅट उष्णता सोडतं आहे. मिनिटाला २०० लिटर पाणी रेडिएटरमधून जात असेल, तर ते साधारण ५ अंशांनी थंड होऊन परत येतं. प्रवाह ७० लिटरवर आला, तर तेवढीच उष्णता कमी पाण्याला वाहावी लागते आणि फरक साधारण १४ अंशांवर जातो. यात हवेचा काही संबंध नाही. काटा एका जागी स्थिरावला की इंजिन जेवढी उष्णता देतं तेवढीच रेडिएटर बाहेर टाकत असतो, मग हवा कमी असो की जास्त.

हवा कमी पडली तर काय होतं? दोन्ही पाईप जास्त गरम होतात, पण बरोबरीने. फरक तेवढाच राहतो, फक्त दोन्ही आकडे वर सरकतात. म्हणून काटा वर असताना फरक लहान असेल, तर दोष हवेच्या बाजूला: फॅन, क्लच, बाहेरून बुजलेली जाळी. फरक मोठा असेल, तर दोष पाण्याच्या बाजूला: पंप, बेल्ट, थर्मोस्टॅट, चपटा होणारा होज, आतून बुजलेल्या नळ्या.

लोड ट्रकला भर चढावर ५ ते ८ अंशांचा फरक सहसा निरोगी समजावा. १२-१५ च्या पुढे गेला की पाण्याच्या बाजूला संशय घ्यावा. हे ढोबळ आकडे आहेत. तुमच्या ताब्यात त्याच मॉडेलची धडधाकट गाडी असेल, तर तिचं माप एकदा घेऊन वहीत लिहून ठेवा, ते या आकड्यांपेक्षा जास्त कामाचं.

पहिली पायरी: थंड गाडीवर बघायचं ते

माप घेण्याआधी साध्या गोष्टी संपवा. इंजिन पूर्ण थंड असताना पाण्याची पातळी बघा. कमी असेल तर गळती आधी शोधा, कारण पाणी कमी असताना घेतलेलं कुठलंही माप फसवतं. बेल्टचा ताण आणि चकाकी बघा. आतली बाजू काचेसारखी चमकत असेल तर तो लोडखाली घसरतो आहे, आणि बऱ्याच इंजिनांत पंप त्याच बेल्टवर असतो.

प्रेशर कॅपकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. कॅप पाण्यावर दाब धरून ठेवते आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल असलेलं कूलंट उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, तर १ बार दाबाखाली ते १२५ च्या पुढे टिकतं. उंचावर हवेचा दाबच कमी असतो. २००० मीटरवर उघड्या भांड्यातलं साधं पाणी ९३ अंशांना उकळतं. कॅपचं रबर तडकलेलं असेल, तर घाटमाथ्याजवळ पंपाच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे होऊ लागतात आणि पंप पाणी ढकलायचं सोडून ते बुडबुडेच घुसळत बसतो. कॅप प्रेशर टेस्टरवर तपासा. तिच्यावर लिहिलेला दाब धरत नसेल तर बदला.

गरम इंजिनाची कॅप कधीही उघडू नका. दाब सुटताच सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. वरचा होज हाताने सहज धरता येईल आणि दाबला तर मऊ लागेल इतकं थांबा. ५० अंशांच्या खाली आलं की कापड ठेवून, हळू, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून दाब सोडा.

दुसरी पायरी: चढावर माप

इन्फ्रारेड थर्मामीटर हातात घेऊन चालत्या ट्रकचे होज मोजता येत नाहीत. थांबून मोजलं तर लोड गेलेला असतो, मिनिटाभरात आकडे बदलतात. त्यामुळे दोन वायरचे प्रोब असलेलं साधं डिजिटल थर्मामीटर घ्या. एक प्रोब वरच्या होजच्या बाहेर चिकटपट्टीने घट्ट बांधा, दुसरा खालच्या होजवर, दोन्ही शक्यतो पाईपच्या धातूच्या तोंडाजवळ. वरून फोमचा तुकडा गुंडाळा, म्हणजे फॅनच्या हवेने आकडा खाली पडणार नाही. वायर फॅन आणि बेल्टपासून लांब बांधून केबिनमध्ये आणा. आकडे सोबतीला बसलेल्याने वाचायचे, चालवणाऱ्याने नाही.

गाडी नेहमीच्या लोडवर हवी. चढ किमान दहा मिनिटांचा हवा, आणि गिअर व रेस शक्य तितके स्थिर. दर दोन मिनिटांनी वेळ, डॅशबोर्डचा काटा आणि दोन्ही होजचे आकडे लिहायचे. बाहेरचं तापमानही एकदा लिहा. काटा लाल पट्टीला टेकायच्या आधी चाचणी थांबवा. माप मिळवण्यासाठी इंजिन उकळायची गरज नाही.

नवीन माणसाची इथे हमखास एक चूक होते. सपाटीवर तो मोजतो, फरक २५ अंश दिसतो आणि तो पंप उतरवायला घेतो. सपाटीवर थर्मोस्टॅट अर्धवटच उघडा असतो, रेडिएटरकडे मुद्दाम थोडंच पाणी सोडतो, म्हणून तिथे फरक मोठा असणारच. वजाबाकी खरी ठरते ती थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर. अनेक डिझेल इंजिनांत तो ८० च्या आसपास उघडायला लागतो आणि ९०-९५ ला पूर्ण उघडतो, नेमका आकडा त्याच्या अंगावर किंवा मॅन्युअलमध्ये मिळतो.

एक गाडी, तीन चाचण्या

माझ्याकडे आलेली एक सहा सिलिंडरची गाडी सांगतो. एकूण वजन पंचवीस टन, नऊ किलोमीटरचा चढ. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप आधीच बदलून झाले होते. चालक म्हणाला, "चढाला लागलो की बारा मिनिटांत काटा वर. थांबतो, गार करतो, पुन्हा निघतो." मी विचारलं, काटा वर गेला की फॅनचा मोठा आवाज येतो का? त्याने आठवून पाहिलं आणि सांगितलं की पूर्वी यायचा, हल्ली बरेच महिने ऐकलेला नाही. हा प्रश्न प्रत्येक चालकाला विचारा. क्लच नीट लागला की फॅन केबिनमध्ये बोलणं अवघड व्हावं इतका घोंघावतो.

बाहेर ३४ अंश होते. चढावर वरचा होज १०३, खालचा ९७. फरक ६. पाणी व्यवस्थित फिरत होतं, म्हणजे नवा पंप आणि नवा थर्मोस्टॅट दोन्हींची गरजच नव्हती. दोष हवेत.

गाडी सुरक्षित जागी घेऊन, इंजिन बंद करून आणि चावी काढून फॅन हाताने फिरवला. गरम इंजिनावर व्हिस्कस क्लचचा फॅन जड लागायला हवा, सोडला की लगेच थांबायला हवा. हा ढकलल्यावर दोन फेरे सहज फिरला. क्लचच्या मध्यभागातून बाहेरच्या दिशेने तेलकट धुळीच्या रेघा गेल्या होत्या. आतलं सिलिकॉन तेल गळून गेलं होतं.

क्लच बदलून त्याच लोडवर, त्याच चढावर पुन्हा गेलो. बाहेर पुन्हा ३४ च. या वेळी फॅन घोंघावला. वरचा होज ९७, खालचा ९१. सहा अंशांचा फायदा झाला, पण मला तो कमी वाटला. या इंजिनाचा थर्मोस्टॅट ९१ ला पूर्ण उघडतो, आणि निरोगी गाडी त्याच्या जवळपासच राहायला हवी.

मग रेडिएटरच्या मागून, फॅनच्या बाजूने, टॉर्च मारली. समोरून जाळी स्वच्छ दिसत होती, पण प्रकाश पलीकडे जातच नव्हता. इंटरकूलरचे बोल्ट काढून तो पुढे झुकवला. त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत धूळ, तेल आणि मेलेले किडे यांचा नमद्यासारखा थर बसला होता, खालच्या निम्म्या भागावर. तो काढून धुतल्यावर तिसरी चाचणी घेतली: वर ९२, खाली ८६.

तिन्ही वेळा फरक ६ च होता. बदललं ते फक्त आकड्यांचं ठाणं. एका गाडीत दोन दोष असू शकतात, हेही यातून दिसतं. पहिला सापडल्यावर पुन्हा मोजलं नसतं तर गाडी पुढच्या कडक उन्हाळ्यात परत आली असती. दोन चाचण्यांच्या दिवशी हवा वेगळी असेल, तर होजच्या आकड्यातून बाहेरचं तापमान वजा करून तुलना करा.

हवेची बाजू दुरुस्त करताना

व्हिस्कस क्लचच्या तोंडावर, रेडिएटरकडे बघणारी, एक सपाट गुंडाळी किंवा पट्टी असते. ती दोन धातूंची असते. रेडिएटरमधून आलेली हवा गरम झाली की ती वळते आणि आतला व्हॉल्व्ह उघडते, तेल खाचांमध्ये येतं आणि फॅनला ओढून घेतं. ती पाण्याचं तापमान मोजत नाही, हवेचं मोजते. त्यामुळे जाळी बुजलेली असेल आणि तिथून हवाच येत नसेल, तर चांगला क्लचसुद्धा उशिरा लागतो. गुंडाळीवर चिखल बसला तरी तेच होतं. म्हणून जाळी आधी साफ करा, नवा क्लच नंतर.

थंड सकाळी सुरू करताच फॅन मिनिटभर घोंघावतो आणि मग शांत होतो, तो दोष नाही. रात्रभरात तेल खाचांत उतरलेलं असतं, ते परत टाकीत जायला तेवढा वेळ लागतो. पण फॅनचं पातं धरून पुढे-मागे हलवल्यावर खटखट जाणवली, तर बेअरिंग गेलं आहे. ती गाडी रस्त्यावर सोडू नका, सुटलेला फॅन थेट रेडिएटरमध्ये घुसतो.

काही गाड्यांत क्लच वायरने कॉम्प्युटरला जोडलेला असतो आणि काहींत हवेच्या दाबावर चालतो. तिथे हाताने फिरवून पूर्ण उत्तर मिळत नाही. वायर आणि प्लग, किंवा एअर लाईन आणि तिचा सोलेनॉइड, आधी तपासा. हवेवर चालणाऱ्या बऱ्याच क्लचांत दाब गेला की फॅन उलट कायम लागलेला राहतो, त्यामुळे गळकी लाईन दिसली म्हणून गाडी तापण्याचं कारण मिळालं असं समजू नका.

जाळी धुताना पाणी मागून पुढे मारा, म्हणजे हवा जिकडून येते तिकडे कचरा परत ढकलला जाईल. दाब हलका ठेवा आणि धार सरळ काटकोनात धरा. तिरक्या जोरदार धारेने पत्र्याच्या बारीक पाकळ्या लवतात, आणि लवलेली पाकळी घाणीइतकीच हवा अडवते. तेलकट थरासाठी ॲल्युमिनियमला चालणारा क्लीनर फवारून दहा मिनिटं भिजू द्या. इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक असतील, तर प्रत्येक वेगळा करूनच धुवा. शेवटी फॅनभोवतीचा श्राउड बघा. तो फुटलेला किंवा निखळलेला असेल, तर फॅन जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी इंजिनाजवळची गरम हवाच गोल फिरवत राहतो.

फरक मोठा आला तर

दुसऱ्या एका गाडीवर वरचा होज १०४ आणि खालचा ८५ आला होता. फरक १९. पाणी मंद. इथे सोप्यापासून अवघडाकडे जायचं.

आधी खालचा होज. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. रबर जुनं होऊन मऊ पडलं किंवा आतली स्प्रिंग गंजून तुटली, की रेस वाढल्यावर तो आतून चपटा होतो आणि आयडलवर पुन्हा गोल दिसतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक आणि चाकांना दगड लावून, गरम इंजिनावर रेस वाढवायला सांगा आणि बाजूला उभं राहून होज बघा. त्या गाडीत हाच दोष निघाला, नवा होज टाकल्यावर फरक ७ वर आला.

होज ठीक असेल तर थर्मोस्टॅट. पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर ठेवून तो तळाला न टेकवता टांगा आणि पाणी तापवा. कधी उघडायला लागतो आणि पूर्ण उघडल्यावर किती सरकतो, हे मॅन्युअलशी जुळवा. तो काढून टाकून गाडी चालवायचा सल्ला रस्त्यावर सर्रास मिळतो, तो ऐकू नका. बऱ्याच ट्रक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच नसला तर पाणी बायपासमधूनच गोल फिरतं, रेडिएटरपर्यंत कमी जातं आणि चढावर गाडी आणखी तापते.

त्यानंतर रेडिएटरच्या आतल्या नळ्या. कडक पाणी भरत राहिल्याने क्षार बसतात, न जुळणारी दोन कूलंट मिसळल्याने जेलीसारखा गाळ होतो, गळती थांबवायच्या पावडरीही तिथेच अडकतात. इंजिन गरम करून, मग बंद करून इन्फ्रारेड थर्मामीटर पूर्ण जाळीवरून फिरवा. आजूबाजूला गरम आणि मध्येच थंड पट्टा दिसला, तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही. चकाकत्या धातूवर हे यंत्र चुकीचा, कमी आकडा दाखवतं, त्यामुळे काळ्या किंवा मळकट पृष्ठभागावरच विश्वास ठेवा. हलका गाळ फ्लशिंगने निघतो, घट्ट बसलेल्या क्षारासाठी रेडिएटर उतरवावाच लागतो.

पंप शेवटी, कारण त्यात उघडझाप सगळ्यात जास्त. उतरवल्यावर पंख्याची पाती झिजली-कुजली आहेत का बघा, आणि पंखा दांड्यावर घसरतो का तेही हाताने तपासा. बाहेरून पुली छान फिरत असते आणि आतला पंखा उभा असतो, असंही घडतं.

टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर वजाबाकी बाजूला ठेवा. हेड गॅस्केटमधून जळलेला वायू पाण्यात येत असेल, किंवा ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरचं पाण्यावर थंड होणारं हेड फुटून हवा घुसत असेल. कॉम्प्रेसरचा संशय असल्यास तो पाण्याच्या लाईनपासून तात्पुरता वेगळा करून, गॅरेजमध्येच आणि थोडाच वेळ इंजिन चालवून, बुडबुडे थांबतात का बघा. तो हेड उघडण्याआधीचा स्वस्त मार्ग आहे.

चढावरच काटा वर जायला लागला तर

एक गिअर खाली टाका आणि ॲक्सिलरेटर सोडून वेग कमी करा, पण रेस पडू देऊ नका. पंप आणि फॅन इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. वरच्या गिअरमध्ये कण्हत चढणारं इंजिन जास्त उष्णता करतं आणि तेव्हाच पाणी आणि हवा दोन्ही कमी फिरवतं. एसी बंद करा, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण ठेवा.

तरीही काटा चढत असेल तर बाजूला थांबा. पाणी गेलेलं नसेल तर इंजिन लगेच बंद करू नका. १२०० च्या आसपास रेसवर चालू ठेवा आणि काटा खाली येताना बघा. बंद केलं तर पंप थांबतो आणि हेडमधलं पाणी जागच्या जागी उकळतं. वाफ येत असेल, पाणी सांडत असेल किंवा पातळीचा दिवा लागला असेल, तर मात्र लगेच बंद करा, कारण फिरायला पाणीच उरलेलं नाही. गार झाल्यावर इंजिन आयडलला ठेवून पाणी बारीक धारेने भरा. तापलेल्या ब्लॉकमध्ये एकदम गार पाणी ओतलं की हेडला तडा जाऊ शकतो.

आणि थांबलाच आहात, तर निघण्याआधी वेळ, उंची, गिअर, फॅनचा आवाज येत होता की नाही, आणि टाकीत किती पाणी घालावं लागलं, एवढं लिहून ठेवा. गॅरेजमध्ये पहिली चाचणी कुठल्या चढावर घ्यायची हे त्यावरूनच ठरतं.